रोजनाम्यातला आरोपी

तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात न्यायाधीशांच्या आसनाच्या अगदी खाली, वकिलांकडे तोंड करून बसलेला माणूस म्हणजे बेंच क्लार्क. सकाळी बोर्ड सुरू होण्याआधी दिवसभराच्या सगळ्या फायली त्याच्या टेबलावर क्रमाने लागलेल्या असतात. शिपाई दाराशी जाऊन नावाचा पुकारा करतो, आरोपी पिंजऱ्याजवळ येऊन उभा राहतो, वकील दोन वाक्ये बोलतात, न्यायाधीश आदेश देतात आणि क्लार्क त्या दिवसाची नोंद रोजनाम्यात घेतो. रोजनामा म्हणजे प्रत्येक खटल्याच्या फाइलमधली तारीखवार नोंद: कोण हजर होते, कोण गैरहजर, काय काम झाले, झाले नसेल तर का नाही, आणि पुढची तारीख कोणती. त्याखाली न्यायाधीशांची सही होते. हल्ली हीच नोंद संगणकातही भरली जाते. एखादा आरोपी किती वर्षे आणि कशासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढला, याचा सलग पुरावा या कागदाखेरीज दुसरीकडे सापडत नाही.

खटला लांबतो तेव्हा त्याच्या भोवतीची माणसे बदलत राहतात. न्यायाधीशांची बदली साधारण तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात होते. सरकारी वकील बदलतात. तपास केलेला हवालदार दुसऱ्या ठाण्यात जातो किंवा निवृत्त होतो. लिपिकाचीही बदली होते, पण तो जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवरचा असल्यामुळे बहुधा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरतो आणि अनेकदा त्याच इमारतीत, दुसऱ्या टेबलावर असतो. त्यामुळे एकाच आरोपीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारा सरकारी माणूस शोधायचा झाला, तर तो बहुतेक वेळा हा लिपिकच निघतो. त्याला त्या खटल्याविषयी काही बोलण्याचा अधिकार नसतो. त्याने लिहायचे असते आणि तारीख सांगायची असते.

हे कसे घडते ते कळण्यासाठी एक खटला तारखेबरहुकूम पाहू. तो कोणा एका माणसाचा नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जोडून तो नमुन्यादाखल मांडला आहे. जून २०१४ मध्ये पेरणीच्या तोंडावर बांधावरून दोन चुलत घरांत भांडण होते. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाडीच्या तुंब्याचा मार बसतो. फिर्याद दाखल होते, दोन सख्खे भाऊ आरोपी होतात. मुख्य कलम भारतीय दंड संहितेचे ३२४, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. गुन्हा जामीनपात्र असल्याने दोघे लगेच जामिनावर सुटतात. डिसेंबरमध्ये पोलीस चार्जशीट दाखल करतात, तिला नियमित फौजदारी खटल्याचा क्रमांक पडतो आणि फेब्रुवारी २०१५ ची पहिली तारीख लागते.

पहिल्या तारखेला थोरला भाऊ हजर आहे. धाकटा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला आहे. समन्स गावच्या पत्त्यावर जाते आणि ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. रोजनाम्यात नोंद होते: आरोपी क्रमांक १ हजर, आरोपी क्रमांक २ गैरहजर, समन्स पुन्हा काढावे. पुढच्या तारखेला तेच. मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट, मग जामीनदाराला नोटीस. फौजदारी पुरावा सर्वसाधारणपणे आरोपीच्या समक्षच नोंदवावा लागतो, त्यामुळे एकाच्या गैरहजेरीने दोघांचा खटला अडतो. फरार आरोपीचा खटला वेगळा काढून हजर असलेल्याचा पुढे चालवता येतो, तशी तरतूद आहे. पण त्यासाठी कोणीतरी तसा अर्ज द्यावा लागतो, वॉरंटवर पोलिसांचा अहवाल यावा लागतो आणि तो अहवाल मागायलाही तारीखच पडते. धाकटा हजर होईपर्यंत थोरल्याच्या चौदा तारखा निव्वळ हजेरीत जातात.

याच काळात क्लार्कला तो माणूस ओळखीचा होतो. तो दहाच्या एसटीने येतो, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात भिंतीला टेकून बसतो, आणि काम संपल्यावर टेबलाजवळ येऊन एकच प्रश्न विचारतो, ‘साहेब, पुढची कधी?’ क्लार्क डायरी बघून तारीख सांगतो आणि तो ती वकिलांच्या कार्डाच्या मागे लिहून घेतो. कार्डाची मागची बाजू भरली की नवे कार्ड येते. तारीख द्यायचा अधिकार न्यायाधीशांचा असला तरी कोणत्या दिवशी बोर्डावर किती काम आहे हे डायरीवरून क्लार्कलाच ठाऊक असते. पंधरा दिवसांनंतरचे दिवस भरलेले असतात, म्हणून तारीख दीड महिन्यावर जाते. बोर्डावर साठ प्रकरणे असतील आणि प्रत्यक्ष कामाचे पाच तास धरले, तर एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. एका साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास मिळून तासभर सहज जातो. म्हणजे त्या दिवशी दोन-तीन साक्षी घ्यायच्या, तर उरलेल्या बहुतेक प्रकरणांना फक्त तारीख देणे भाग असते. आळस कोणाच्याही अंगी नसला तरी हे गणित बदलत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये चार्ज फ्रेम होतो. न्यायाधीश आरोप वाचून समजावून सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. दोघेही नाकबूल म्हणतात. खटल्याचे खरे काम इथे सुरू होते. घटनेला तोवर अडीच वर्षे झालेली असतात.

आता साक्षीदारांना समन्स. ती पोलीस ठाण्यामार्फत बजावली जातात आणि बजावणीचा अहवाल न्यायालयात आणून देण्याचे काम पैरवी अंमलदाराकडे असते. हा धागा सर्वांत कच्चा आहे. ठाण्यात बंदोबस्त, निवडणूक, यात्रा असली की समन्स टेबलावर पडून राहते. क्लार्कच्या हातात अहवालच येत नाही, म्हणून रोजनाम्यात ‘समन्सचा अहवाल अप्राप्त’ अशी ओळ पडते. बजावणी झाली आणि साक्षीदार आलाच नाही, असेही होते. तो आला आणि त्या दिवशी दुसरी साक्ष लांबली म्हणून परत गेला, असेही होते. वास्तविक फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ नुसार आलेला साक्षीदार तपासल्याशिवाय परत पाठवायचा तर विशेष कारण लिहावे लागते, आणि साक्षी सुरू झाल्या की त्या दिवसागणिक चालवायच्या असतात. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे मुदतीचे कारण होऊ शकत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही २०१८ मध्ये फिर्यादीचा सरतपास झाल्यावर उलटतपास पुढे जातो तो याच कारणाने: बचावाचे वकील त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयात आहेत. तालुक्यात फौजदारी काम करणारे वकील मोजके, त्यांच्या तारखा एकमेकींवर पडतात, आणि मुदत नाकारली तर उलटतपासाविना आरोपीचेच नुकसान होणार. न्यायाधीश खर्च भरण्याच्या अटीवर मुदत देतात. तो खर्चही शेवटी आरोपीच्याच खिशातून जातो.

रोजनामा सलग वाचला तर एक गोष्ट खटकते आणि ती खटकायलाच हवी. साक्षीदार आला नाही, तर तारीख पडते. अहवाल आला नाही, तर तारीख पडते. सरकारी वकील रजेवर असले, तर तारीख पडते. आरोपी आला नाही, तर वॉरंट निघते. सोयाबीनच्या काढणीत मजूर मिळाले म्हणून थोरला भाऊ एका तारखेला गेला नाही आणि वकिलांनीही हजेरी माफीचा अर्ज दिला नाही. तोवर तो तिसाहून अधिक वेळा वेळेवर आला होता, पण त्या दिवशीच्या नोंदीत मागच्या हजेऱ्यांना जागा नसते. अजामीनपात्र वॉरंट निघाले. ते रद्द करून घेण्यासाठी अर्ज, दंड, नवे जातमुचलक्याचे कागद आणि एक अख्खा दिवस गेला. कायद्यात हजेरी माफीची सोय आहे. वकील हजर असतील तर आरोपीला त्या दिवसापुरती सूट देता येते, आणि काही खटल्यांत कायम सूटही मिळते. ज्या तारखेला साक्ष होणारच नाही हे उघड दिसते, त्या तारखेला रोजंदारीवरच्या माणसाला बोलावून नुसते उभे करण्यात न्यायाचे काहीच काम होत नाही. ही सोय सढळ हाताने वापरली गेली पाहिजे. पण प्रत्येक अर्जामागे वकिलांची फी असते, म्हणून गरीब आरोपी अर्ज न करता स्वतःच येतो.

मधल्या काळात न्यायाधीशांची बदली होते आणि नवे येईपर्यंत कामकाज शेजारच्या न्यायालयाच्या प्रभाराखाली चालते. प्रभारी न्यायाधीश स्वतःचा बोर्ड संपवून दुसऱ्याच्या फायलींवर तारखा देतात; साक्ष घ्यायला त्यांना वेळ नसतो. नवे न्यायाधीश आले की ते आधी जामिनाची, तुरुंगातल्या आरोपींची आणि फार जुनी प्रकरणे हाती घेतात, आणि ते बरोबरच आहे. २०१५ चा जामिनावरचा खटला त्या रांगेत मागे राहतो. मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे न्यायालये तातडीच्या कामापुरती उरली आणि एकेका दिवशी अख्ख्या बोर्डाच्या तारखा सरसकट पुढे गेल्या. नमुन्याच्या खटल्यात अशा सात तारखा आहेत.

२०२१ मध्ये गावात वेगळेच घडते. दोन्ही घरांत लग्नाच्या निमित्ताने बोलणे सुरू होते, बांध मोजून खुणा रोवल्या जातात आणि फिर्यादी व आरोपी एकाच एसटीने न्यायालयात येऊ लागतात. आपसात मिटले आहे, खटला काढून टाका, असे ते वकिलांना सांगतात. पण कलम ३२४ चा गुन्हा २००६ पासून तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे न्यायदंडाधिकारी तडजोड नोंदवून खटला संपवू शकत नाहीत. उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेता येतो. त्यासाठी मुंबई, नागपूर किंवा औरंगाबादच्या खंडपीठाकडे वेगळा वकील, वेगळा खर्च. दोन्ही घरांनी तो विचार सोडला. भांडण संपले आणि खटला चालूच राहिला. क्लार्कच्या टेबलावर अशा फायली नेहमीच असतात, आणि तो त्या बोर्डावर लावण्यापलीकडे काही करू शकत नाही.

राहिलेल्या साक्षी २०२२ आणि २०२३ मध्ये होतात. जखम तपासलेले वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेले असतात. त्यांना शोधण्यात आठ महिने जातात आणि साक्ष वीस मिनिटांत संपते. प्रत्यक्षदर्शी म्हणून दाखवलेला शेजारी ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो आणि फितूर ठरतो. नऊ वर्षांनंतर त्याला खरोखरच आठवत नसेल, हीही शक्यता आहे. दिरंगाईने फक्त आरोपीच थकतो असे नाही, पुरावाही झिजतो. निवृत्त हवालदार येऊन पंचनामा सिद्ध करतो. मग कलम ३१३ चा जबाब होतो, म्हणजे पुराव्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. इतक्या वर्षांत न्यायालयाने त्याचे म्हणणे विचारण्याचा, नाकबुलीनंतरचा हा पहिला प्रसंग. त्यानंतर युक्तिवाद, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल: संशयाचा फायदा देऊन दोघांचीही निर्दोष मुक्तता.

या रोजनाम्यात बहात्तर नोंदी होतात. सहआरोपी गैरहजर म्हणून चौदा, साक्षीदार किंवा समन्सचा अहवाल नाही म्हणून चोवीस, न्यायाधीशांची जागा रिकामी किंवा रजा म्हणून नऊ, वकिलांच्या मुदतीच्या नऊ, कोरोनाच्या सात. खटला प्रत्यक्ष पुढे सरकला त्या तारखा नऊ. यातली कोणतीही एक नोंद काढून पाहिली तर ती नियमाला धरूनच दिसते, कारण प्रत्येकीखाली कारण आहे आणि सही आहे. अन्याय एकेका नोंदीत सापडत नाही. तो बेरजेत असतो, आणि बेरजेची ओळ रोजनाम्यात नसते.

कायद्याने ही बेरीज करण्याचा प्रयत्न केलेला आहे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या कच्च्या कैद्यांबद्दलच्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरील खटल्यातून डिसेंबर १९९१ मध्ये आलेल्या घटनापीठाच्या निकालाने त्यापुढची चौकट आखली: हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आहे, पण किती वर्षे म्हणजे फार झाले याचा ठरीव आकडा देता येणार नाही, उशीर कोणामुळे झाला, आरोपीने स्वतः किती मुदती घेतल्या, न्यायालयावर किती भार होता, हे सारे तोलून पाहावे. पुढे १९९६ आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांनी काही प्रकारच्या खटल्यांना कालमर्यादा घालून दिल्या. २००२ मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्या काढून घेतल्या. अशी सरसकट मुदत घालणे हे कायदेमंडळाचे काम आहे, न्यायालयाने ते करू नये, असे त्या पीठाचे म्हणणे होते.

याचा परिणाम किती टोकाला जाऊ शकतो हे ललित नारायण मिश्र खून खटल्यात दिसले. रेल्वेमंत्री मिश्र २ जानेवारी १९७५ रोजी समस्तीपूर स्थानकावरील बाँबस्फोटात जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. खटला १९७९ मध्ये दिल्लीला हलवला गेला. आरोपींपैकी वकील रंजन द्विवेदी यांनी इतक्या विलंबानंतर खटला रद्द करावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१२ मध्ये ती फेटाळली गेली. केवळ वर्षे फार झाली म्हणून खटला रद्द होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चौघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली, घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी.

कायद्यात दुसरीही एक विसंगती आहे आणि ती सामान्य आरोपीला अधिक भोवते. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घ्यायची, अशी मर्यादा आहे. खटला संपवायला मात्र तशी मर्यादा नाही. म्हणून तीन वर्षांच्या शिक्षेच्या आरोपासाठी नऊ वर्षे तारखा करता येतात.

अंतुले निकालाच्या निकषांमुळेच क्लार्कच्या लेखणीला वजन येते. विलंबाच्या कारणावरून कोणी उच्च न्यायालयात गेले की तिथे पहिली मागणी होते ती रोजनाम्याची. उशीर कोणी केला हे त्याच ओळींवरून ठरते. ‘मुदत दिली’ एवढेच लिहिले असेल तर ती मुदत आरोपीने मागितली की सरकार पक्षाने, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. ‘सरकार पक्षाचे साक्षीदार गैरहजर, आरोपी व त्यांचे वकील हजर’ असे लिहिले असेल तर तो दिवस कोणाच्या खात्यात टाकायचा ते स्पष्ट होते. रोजनाम्याची प्रमाणित प्रत नक्कल विभागात अर्ज करून मिळते. तारखा आणि त्या कशासाठी लागल्या हे सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही पाहता येते. लागोपाठ तीन-चार तारखांना तेच कारण दिसले, तर साक्षीदाराचा पत्ता बदलून द्यावा, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यामार्फत बजावणी व्हावी, सहआरोपीचा खटला वेगळा काढावा किंवा साक्षीदार येईपर्यंत हजेरी माफ करावी, असा अर्ज वकिलांना तेव्हाच देता येतो. नमुन्याच्या खटल्यात चौथ्याच तारखेला खटला वेगळा काढण्याचा अर्ज झाला असता, तर पहिल्या चौदांतल्या बऱ्याच तारखा वाचल्या असत्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यातल्या काही गोष्टींना आकडे आले आहेत. अशा खटल्यांत चार्जवरच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत चार्ज फ्रेम करायचा आहे. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचे कारण असले, तरी विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकून जास्तीत जास्त दोन मुदती द्यायच्या आहेत. मात्र त्या पाळल्या न गेल्यास खटला आपोआप संपतो असे कुठे म्हटलेले नाही, आणि समन्सचा न आलेला अहवाल, रिकामी जागा किंवा साठ प्रकरणांचा बोर्ड ही कोणा पक्षकाराने मागितलेली मुदत नव्हे, त्यामुळे ती कारणे या बंधनात नीट बसतच नाहीत. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेले खटले जुन्या संहितेनुसारच चालणार आहेत, आणि तालुक्याच्या बोर्डावरच्या सर्वांत जुन्या फायली त्याच आहेत.